बी-७०४ कुणाचा?

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन आला. पुण्यातल्या एका जुन्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज शांत, आणि शांत आवाजात तक्रार करणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून धास्तीच बसली आहे. ते म्हणाले, "तुमच्या सॉफ्टवेअरमधून मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी काढली. आमची बी विंग चार मजल्यांची आहे. यादीत बी-७०४ आहे. हा बी-७०४ कुणाचा?"

आमची कंपनी लहान होती. सोसायट्यांची बिलं, पावत्या, थकबाकी, ऑडिटला लागणारे तक्ते, हे सगळं आम्ही इंटरनेटवरून चालवून द्यायचो. सोसायटीने काही विकत घ्यायचं नाही, काही इन्स्टॉल करायचं नाही. दर फ्लॅटमागे महिन्याला काही रुपये भरायचे आणि ब्राउझरमधून लॉगिन करायचं. अशा ४१२ सोसायट्या आमच्याकडे होत्या. सेक्रेटरींच्या बी विंगमध्ये सोळा फ्लॅट. त्यांच्या एक्सेलमध्ये तेराशेच्या वर नावं होती, पुढे फ्लॅट नंबर आणि थकलेली रक्कम. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायची आपल्याकडे रीतच आहे, पण ती आपल्या जिन्याखालच्या बोर्डावर. ठाण्यातल्या माणसाची उधारी कोथरूडच्या बोर्डावर लागली तर तिला रीत म्हणत नाहीत.

हे कसं झालं ते समजायला त्या ४१२ सोसायट्यांचा हिशेब कुठे ठेवलेला असतो ते आधी पाहावं लागेल. बाहेरून प्रत्येकाला वाटतं की आपलं दप्तर वेगळ्या कपाटात आहे. लॉगिन केलं की वर आपल्या सोसायटीचं नाव दिसतं, आपला लोगो दिसतो, आपलेच फ्लॅट दिसतात. आत मात्र कपाट एकच असतं. थकबाकीचा एकच मोठा तक्ता, त्यात सगळ्या सोसायट्यांच्या ओळी एकाखाली एक मिसळलेल्या, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा: ही ओळ सोसायटी क्रमांक ११७ ची, ही २९ ची, ही पुन्हा ११७ ची. या पद्धतीला मल्टी-टेनन्सी म्हणतात. टेनंट म्हणजे इथे गिऱ्हाईक. ग्राहक-व्यवहारांचं सॉफ्टवेअर विकणारी सेल्सफोर्स ही अमेरिकन कंपनी १९९९ साली निघाली, ती याच पायावर वाढली. तिच्याकडेही एकाच तक्त्यातल्या प्रत्येक ओळीवर ती कुठल्या ग्राहक-संस्थेची आहे त्याचा क्रमांक असतो.

मग प्रत्येकाला वेगळं कपाट का देत नाहीत? देतात, काही जण देतात. बँका, मोठी इस्पितळं तसा आग्रह धरतात आणि त्याचे पैसेही मोजतात. पण ४१२ वेगळे डेटाबेस म्हणजे ४१२ वेळा बॅकअप, ४१२ वेळा देखभाल. बिलात नवा रकाना आणायचा झाला तर तो बदल ४१२ ठिकाणी चालवायचा, आणि तो दोनशे सदतिसाव्या ठिकाणी अडला की निम्म्या सोसायट्या नव्या रचनेवर आणि निम्म्या जुन्यावर. शिवाय वीस फ्लॅटच्या सोसायटीकडून महिन्याला जे येतं त्यात वेगळ्या डेटाबेसचा खर्च निघत नाही. म्हणून सामाईक तक्ता. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक होती ती भिंत कुठे बांधली त्यात.

कारण सामाईक तक्त्यात भिंत म्हणजे एक अट असते. "फक्त ११७ च्या ओळी द्या" ही अट. ती प्रोग्रामरने प्रत्येक प्रश्नासोबत डेटाबेसला सांगायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असे प्रश्न जवळजवळ नऊशे ठिकाणी विचारले जात होते, म्हणजे भिंत नऊशे वेळा बांधलेली होती, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी, काही ठिकाणी रात्री साडेअकराला.

त्या शुक्रवारी आम्ही एक लहानशी सोय नवी दिली होती: यादी काढताना एकापेक्षा जास्त विंग निवडता येतील. सेक्रेटरींनी ए आणि बी निवडल्या. आमच्या कोडने डेटाबेसला जे विचारलं ते असं:

```sql
SELECT flat_no, owner_name, balance
FROM   dues
WHERE  society_id = 117
  AND  wing = 'A' OR wing = 'B';
```

मराठीत वाचलं तर ठीकच वाटतं: सोसायटी ११७, आणि विंग ए किंवा बी. अट लिहिलेली आहे, कुणी विसरलेलं नाही. पण डेटाबेस 'आणि'ला 'किंवा'च्या आधी बांधतो, जसा आपण बेरजेच्या आधी गुणाकार करतो. त्यामुळे त्याने वाचलं ते वेगळंच: सोसायटी ११७ ची ए विंग, किंवा कुणाचीही बी विंग. दोन कंस राहिले होते, एवढंच. ए विंगची यादी अगदी बरोबर आली होती. बी विंग मात्र महाराष्ट्रभरातली.

हे चाचणीत कसं सापडलं नाही? आमच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये एकच सोसायटी होती. तिचं नाव 'नमुना सोसायटी', तीन विंग, प्रत्येक विंगेत दहा फ्लॅट. घरात एकटाच माणूस राहत असेल तर भिंती असल्या काय नि नसल्या काय, तो कुणाच्या खोलीत शिरणार? आमच्या त्या डेटाबेसमधून ती अट पूर्ण काढून टाकली असती तरी सगळ्या चाचण्या हिरव्या दिसल्या असत्या.

कंस घालून नवी आवृत्ती चढवायला वीस मिनिटं लागली. त्यानंतरचे सहा आठवडे गेले ती भिंत नऊशे ठिकाणांहून उचलून एका ठिकाणी नेण्यात.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस होता. ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या जानेवारीपासून, पोस्टग्रेसमध्ये एक सोय आहे: कुठली ओळ कुणाला दिसावी हे तक्त्यालाच शिकवून ठेवता येतं. मग प्रश्न विचारणारा प्रोग्रामर अट विसरो, चुकवो, की कंस गाळो, डेटाबेस स्वतःची अट वरून लावतोच. आमच्या तक्त्याला शिकवलं ते इतकंच:

```sql
ALTER TABLE dues ENABLE ROW LEVEL SECURITY;
ALTER TABLE dues FORCE ROW LEVEL SECURITY;

CREATE POLICY own_society ON dues
  USING (society_id = current_setting('app.society_id')::int);
```

शेवटच्या ओळीचा अर्थ असा की 'सध्याची सोसायटी' नावाची एक खूणचिठ्ठी डेटाबेसच्या जोडणीला चिकटवलेली असेल. तिच्यावरच्या आकड्याशी जुळणाऱ्या ओळीच द्या, बाकीच्या नाहीतच असं समजा. ही अट प्रोग्रामरच्या अटीभोवती आपला कंस घालून लागते. त्यामुळे तोच बिघडलेला प्रश्न, कंसाशिवाय, जसाच्या तसा विचारला तरी आता बी विंगमधून त्या सोळा फ्लॅटमधलेच थकबाकीदार येतात. मी तो मुद्दाम विचारून पाहिला. लिहितानाही हीच अट लागू होते. ११७ ची चिठ्ठी असताना २९ च्या नावाने ओळ घालायला गेलं तर डेटाबेस ती नाकारतो.

चिठ्ठीवरचा आकडा येतो कुठून, हा यातला कळीचा प्रश्न. तो लॉगिनच्या वेळी सर्व्हरने स्वतः ठरवलेला असला पाहिजे. ब्राउझरच्या पत्त्यातून किंवा फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यातून आलेला आकडा चालत नाही, कारण पत्त्यातल्या ११७ चे ११८ करायला हॅकर लागत नाही; सोसायटीतला दहावीतला कुणीही मुलगा ते करून बघतो.

एवढं करून मी निर्धास्त झालो आणि तिथेच दोनदा फसलो. दोन्ही वेळा गिऱ्हाइकापर्यंत काही गेलं नाही, पण सांगण्यासारख्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट मालकाची. पोस्टग्रेसमध्ये तक्ता ज्याने तयार केला तो त्याचा मालक, आणि मालकाला ही अट लागू होत नाही. नियम शहाणपणाचाच आहे, पण आमच्याकडे तक्ते तयार करणारं खातं आणि रोज सॉफ्टवेअर चालवणारं खातं एकच होतं. लहान कंपन्यांत बहुतेक ठिकाणी असंच असतं. परिणाम असा की भिंत कागदावर उभी, आणि आपलं सॉफ्टवेअर मालक म्हणून तिच्या आरपार चाललेलं. यात चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. सगळं नेहमीसारखं चालतं, म्हणून तर कळत नाही. वरच्या कोडमधली दुसरी ओळ, FORCE वाली, मालकालाही नियम लावते. ती आम्ही पहिल्या खेपेला लिहिली नव्हती. तीही पुरेशी नाही, कारण सुपरयूजर खातं किंवा BYPASSRLS ही मुभा असलेलं खातं यातूनही सुटतंच. शेवटी आम्ही रोजच्या कामाला एक वेगळं, अधिकार नसलेलं खातं केलं. भिंत खरी आहे की चित्रातली, हे ओळखायची युक्ती सोपी आहे: चिठ्ठी न चिकटवता त्या तक्त्यातल्या ओळी मोजायला सांगा. आकडा आला तर भिंत नाही. चूक आली तर आहे.

दुसरी गोष्ट शिळ्या चिठ्ठीची. ४१२ सोसायट्यांसाठी आम्ही डेटाबेसशी ४१२ जोडण्या ठेवत नव्हतो, वीस ठेवत होतो. एक विनंती आली की रिकामी जोडणी घ्यायची, काम करायचं, परत ठेवायची; रिक्षा स्टँडवरच्या रिक्षांसारखं. आता ११७ च्या विनंतीने जोडणीला चिठ्ठी चिकटवली, काम केलं आणि जोडणी परत ठेवली. चिठ्ठी तशीच राहिली. पुढची विनंती २९ ची. तिच्या वाटेत कुठे चिठ्ठी बदलायची राहिली, तर २९ च्या माणसाला ११७ चं दप्तर उघडं. आधीच्या उताराची छत्री रिक्षात राहावी तसं, फक्त छत्रीच्या जागी दुसऱ्याचं पासबुक. आणि हे दर वेळी होत नाही, कुठली जोडणी हाती येते त्यावर ठरतं. म्हणजे गिऱ्हाईक तक्रार करतो, आपण करून बघतो तर सगळं ठीक, आणि आपण त्याला नम्रपणे पान रिफ्रेश करायला सांगतो.

यावरचा उपाय एका शब्दाचा आहे. SET ने चिकटवलेली चिठ्ठी जोडणी तुटेपर्यंत राहते. SET LOCAL ने चिकटवलेली त्या व्यवहारापुरती, व्यवहार संपला की आपोआप गळते.

```sql
BEGIN;
SET LOCAL app.society_id = '117';
SELECT flat_no, owner_name, balance FROM dues;
COMMIT;
```

चिठ्ठी गळाल्यावर त्याच जोडणीवर कुणी न चिकटवता प्रश्न विचारला, तर तिची किंमत रिकामी असते, रिकाम्याचा आकडा होत नाही, आणि डेटाबेस सरळ चूक देतो. पान कोसळतं. कोसळलेलं पान बघून आमचे साहेब नाराज व्हायचे; मला ते दिसलं की हायसं वाटायचं. दुसऱ्याची थकबाकी दाखवणाऱ्या पानापेक्षा कोसळलेलं पान केव्हाही बरं.

पण डेटाबेसची भिंत डेटाबेसपुरतीच. तिथून बाहेर पडलेला मजकूर वाटेत ठिकठिकाणी साठवला जातो: लवकर दाखवता यावा म्हणून कॅशमध्ये, बिलांच्या पीडीएफच्या रूपात फाइलींच्या कोठारात, शोधयंत्राच्या सूचीत. तिथे पोस्टग्रेसचा नियम पोचत नाही. कॅशमध्ये एखादी गोष्ट नावाने ठेवतात आणि नावानेच मागतात. ते नाव 'बी-३०२ चं बिल' इतकंच ठेवलं, तर बी-३०२ फ्लॅट निदान दीडशे सोसायट्यांत असणार, आणि ज्याने आधी मागितलं त्याचं बिल नंतरच्या सगळ्यांना मिळणार. नाव '११७ च्या बी-३०२ चं बिल' असंच हवं. २०१५ च्या नाताळात, २५ डिसेंबरला, व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या व्हिडिओ गेमच्या दुकानात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. हल्ल्यामुळे वाढलेली रहदारी आवरायला कॅशचे नियम घाईने बदलले गेले, आणि एका ग्राहकासाठी तयार झालेली खात्याची पानं दुसऱ्यांना दिसू लागली. सुमारे ३४ हजार लोकांच्या खात्याची माहिती यात सापडू शकत होती, असं कंपनीने नंतर सांगितलं. तिथे कुणी काही फोडलं नव्हतं. साठवलेलं पान कुणाचं, एवढंच पान देताना पाहिलं गेलं नव्हतं.

सामाईक कपाटाचा आणखी एक ताप मला बऱ्याच उशिरा उमगला, आणि तो चोरीचा नव्हे, हरवण्याचा आहे. एका सोसायटीच्या नव्या खजिनदाराने गेल्या वर्षाच्या सगळ्या पावत्या चुकून रद्द केल्या आणि म्हणाला, "कालचा बॅकअप टाका की." बॅकअप होता. पण तो सगळ्या तक्त्यांचा मिळून एकच होता. तो परत टाकला तर या एका सोसायटीचं काल परत येणार आणि बाकी ४११ सोसायट्यांचं आज पुसलं जाणार. मग बॅकअप बाजूच्या सर्व्हरवर उघडायचा, त्यातून ११७ सारख्या एकाच क्रमांकाच्या ओळी साठेक तक्त्यांतून वेचायच्या, आणि कुठली ओळ कुठल्या ओळीवर अवलंबून आहे तो क्रम सांभाळत आत घालायच्या: आधी फ्लॅट, मग बिल, मग पावती. मला त्याला दीड दिवस लागला.

अॅटलासियन या कंपनीवर हीच वेळ २०२२ च्या एप्रिलमध्ये आली, आणि तिने घडलेलं सगळं स्वतः तपशिलात प्रसिद्ध केलं. जुनं झालेलं एक जोड-सॉफ्टवेअर काही ग्राहकांकडून काढून टाकायचं होतं. काढणाऱ्या स्क्रिप्टला त्या सॉफ्टवेअरचे क्रमांक द्यायचे, त्याऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे क्रमांक दिले गेले, आणि स्क्रिप्ट कायमचं पुसण्याच्या पद्धतीने चालली. ५ एप्रिलला साधारण पंचवीस मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या साइट गेल्या. बॅकअप शाबूत होते. पण बाकीच्या ग्राहकांना धक्का न लावता फक्त पुसल्या गेलेल्या शेकडो ग्राहकांचं तेवढं वेचून परत आणायची यांत्रिक सोय त्यांच्याकडे नव्हती. शेवटच्या ग्राहकाचं काम पूर्ववत व्हायला १८ एप्रिल उजाडला. माझ्या दीड दिवसाबद्दलची लाज तो अहवाल वाचून बरीच कमी झाली.

आमच्याकडे त्या सोमवारनंतर नमुना सोसायटीला शेजारी आले. चाचणीच्या डेटाबेसमध्ये आता दोन सोसायट्या, मुद्दाम जुळ्या: त्याच विंग, तेच फ्लॅट नंबर, फक्त दुसरीतल्या प्रत्येक माणसाचं आडनाव 'परका'. सॉफ्टवेअर रोज रात्री पहिल्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून लॉगिन करतं, प्रत्येक पान उघडतं, प्रत्येक यादी उतरवतं, दुसरीच्या बिलांचे क्रमांक पत्त्यात घालून बघतं. कुठेही 'परका' हा शब्द सापडला की सकाळी नवी आवृत्ती चढत नाही. पहिल्याच रात्री तो दोन ठिकाणी सापडला, आणि एक जागा मी स्वतः लिहिलेली होती.

पण सोमवारी हे काहीच नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी सेक्रेटरींना फोन करून झाला प्रकार सांगितला, माफी मागितली, ती फाइल डिलीट करायची विनंती केली. त्यांनी ऐकून घेतलं, फाइल पुसल्याचं सांगितलं, आणि मग त्याच शांत आवाजात विचारलं, "म्हणजे आमच्या बी विंगची नावंही कुणाकडे गेली असतील?"

याचं उत्तर तोंडाने देण्यासारखं नव्हतं. कोणी, केव्हा, कुठली यादी उतरवली आणि तीत किती ओळी होत्या याची नोंद आमचं सॉफ्टवेअर ठेवायचं, ती मी काढली. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारच्या त्या वीस मिनिटांपर्यंत दोन विंग निवडून यादी काढणारे एकूण चार जण होते, आणि चौघांनीही ए आणि बी अशाच निवडलेल्या. एक ते स्वतः. उरलेल्या तिघांपैकी प्रत्येकाच्या फाइलमध्ये कुणाचीही बी विंग आलेली, म्हणजे यांचीही. मी त्यांना पुन्हा फोन लावला.

"हो," मी म्हणालो. "तीन ठिकाणी गेली. पाच नावं आहेत. सांगू?"